फोटोतलं समीकरण, तरंगणारा बोया आणि द्विभाजन पद्धत: अंतराल कसं आक्रसतं आणि कुठे थांबायचं

वहीच्या पानाचा फोटो काढून "हे कसं सोडवायचं?" असं विचारणारे मेसेज किनाऱ्यावरच्या कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला ओळखीचे असतील. मालवणच्या एका बीएस्सीच्या विद्यार्थिनीने पाठवलेला असाच एक फोटो इथे घेतो, कारण त्यातल्या एका ओळीत द्विभाजन पद्धतीचं जवळजवळ सगळं काही सापडतं. प्रश्न जाळ्याच्या बोयाचा होता: २० सेंटीमीटर व्यासाचा गोल बोया आहे, आणि त्याचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या समुद्राच्या पाण्याच्या वजनाच्या ३० टक्के आहे. तो पाण्यात किती खोल बुडेल? खाली तिने मांडलेलं समीकरण होतं:

x³ − 3x² + 1.2 = 0

इथे x म्हणजे बुडालेली खोली, आणि मोजमापाचं एकक म्हणजे बोयाची त्रिज्या, १० सेंटीमीटर. त्यामुळे ०.०१ म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. हे लक्षात असू द्या, पुढे थांबायचं कुठे ते यावरच ठरणार आहे.

समीकरण आलं कुठून तेही थोडक्यात पाहू. गोलाचा x खोलीपर्यंतचा भाग पाण्याखाली असेल, तर त्या भागाचं घनफळ πx²(3 − x)/3 असतं. पूर्ण गोलाचं घनफळ 4π/3. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणून बुडालेला भाग पूर्ण गोलाच्या ०.३ पट हवा. दोन्ही बाजूंचे π/3 काढून टाकले की x²(3 − x) = 4 × 0.3 उरतं, आणि तेच सरळ मांडलं की वरचं समीकरण. म्हणजे तो 1.2 हा आकडा दुसरं काही नसून ०.३ ची चौपट आहे.

## आधी फोटो नीट वाचा

आकडेमोड सुरू करण्याची घाई करू नका. फोटोतलं समीकरण चुकीचं वाचलं, तर पुढची प्रत्येक पायरी बिनचूक असूनही उत्तर दुसऱ्याच समीकरणाचं येतं.

कोकणात पावसाळ्यात कागद ओलसर होतो, शाई पसरते, आणि पातळ पानावर मागच्या बाजूचं लिखाण उमटतं. फोटोत त्यामुळे नेमक्या तीन जागा दगा देतात. पहिली म्हणजे घातांक. `x²` मधला छोटा 2 पुसट झाला की `3x²` चं `3x` होतं. दुसरी दशांश चिन्ह. `1.2` मधला टिंब दिसला नाही की `12`. उलट, मागून उमटलेल्या शाईचा ठिपका नसलेला दशांशही तयार करतो. तिसरी वजाचं चिन्ह. वहीवरच्या आडव्या छापील रेघेवर ते बरोबर बसलं, तर रेघेत मिसळून जातं.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर पान सपाट दाबून धरा, मोबाइल पानाच्या अगदी वर समांतर ठेवा, फ्लॅश बंद करून खिडकीजवळच्या उजेडात काढा, आणि एकट्या समीकरणाचा नव्हे तर वरच्या प्रश्नासकट पूर्ण पानाचा काढा. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. प्रश्न सोबत असला की `1.2` खरा की `12`, हे ०.३ ला चाराने गुणून तपासता येतं. नुसती समीकरणाची ओळ कापून पाठवली, तर ही सोय जाते.

## अंतराल निवडणं आणि चिन्हांची परीक्षा

द्विभाजन पद्धतीला सुरुवातीला दोन आकडे लागतात: एक असा की जिथे समीकरणाच्या डाव्या बाजूची किंमत धन आहे, आणि दुसरा जिथे ती ऋण आहे. या दोघांमध्ये आलेख कुठेही तुटत नसेल, तर तो शून्याची रेषा ओलांडल्याशिवाय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही. बर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ साली या साध्या वाटणाऱ्या गोष्टीची काटेकोर सिद्धता दिली, आणि सगळी पद्धत त्याच आधारावर उभी आहे.

हे दोन आकडे अंदाजाने शोधत बसू नका. प्रश्न कशाबद्दल आहे त्याकडे बघा. बोया पाण्यात शून्यापेक्षा कमी बुडू शकत नाही, आणि स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त खोलीला इथे अर्थ नाही. म्हणून अंतराल ० ते २. आता टोकांच्या किमती काढा. x = ० ला १.२, म्हणजे धन. x = २ ला ८ − १२ + १.२ = −२.८, म्हणजे ऋण. चिन्हं वेगळी आहेत, म्हणजे मध्ये मूळ आहे, डावी बाजू शून्य करणारी x ची किंमत.

ही परीक्षा फोटो बरोबर वाचलाय का तेही सांगते. `12` वाचला असता तर x = २ ला ८ − १२ + १२ = ८ आलं असतं. दोन्ही टोकं धन. त्याचा अर्थही लागतो: १२ म्हणजे ०.३ ऐवजी ३ पट, पाण्याच्या तिप्पट जड बोया, आणि तो तरंगणारच नाही. `3x²` ऐवजी `3x` वाचलं तर x = २ ला ८ − ६ + १.२ = ३.२, पुन्हा दोन्ही टोकं धन. वजाचं चिन्ह रेघेत हरवून अधिक वाचलं, तर ० ते २ मध्ये किंमत कधी ऋण होणारच नाही. तिन्ही चुका पहिल्याच पायरीला पकडल्या जातात.

मात्र तपासायला x = १ वापरू नका. एकाचा कुठलाही घात एकच असतो, त्यामुळे `3x²` आणि `3x` दोन्हींची किंमत तिथे सारखीच येते. दोन्ही वाचनांना x = १ ला −०.८ मिळतं, आणि चूक लपून राहते.

या परीक्षेला एक मर्यादाही आहे. घाईने लिहिलेला 2 जर 7 सारखा दिसला आणि `1.7` वाचला गेला, तर टोकांची चिन्हं वेगळीच राहतात. पद्धत निमूटपणे ०.९ च्या जवळचं मूळ देते, म्हणजे ९० मिलिमीटर. खरं उत्तर त्याहून सुमारे १७ मिलिमीटर कमी आहे. अशी चूक चिन्हांवरून कळत नाही, ती फक्त मूळ प्रश्नाशी ताडूनच कळते. पूर्ण पानाचा फोटो हवा तो यासाठी.

अंतराल मोठं घेतलं तर सुरक्षित, असंही समजू नका. समजा −१ ते ३ घेतलं. x = −१ ला −२.८ आणि x = ३ ला १.२, चिन्हं वेगळी. पण या घनसमीकरणाला तीन मुळं आहेत आणि तिन्ही या अंतरालात आहेत. पहिला मध्यबिंदू १, तिथे −०.८, म्हणून पद्धत उजवीकडे १ ते ३ मध्ये जाते. मग २ ते ३. शेवटी २.८५ च्या आसपास थांबते. समीकरणाचं मूळ म्हणून ते अगदी खरं आहे, पण २० सेंटीमीटर व्यासाचा बोया २८.५ सेंटीमीटर बुडाला असं उत्तर झालं. चिन्हं बदलतात म्हणजे मूळ आहे एवढंच कळतं. एक आहे की तीन, हे कळत नाही.

## अंतराल अर्धं करत जाणं

आता मुख्य काम. अंतरालाचा मध्यबिंदू काढा. तिथे किंमत काढा. ज्या टोकाचं चिन्ह या किमतीसारखंच आहे, ते टोक सोडा आणि त्याच्या जागी मध्यबिंदू घ्या. चिन्ह वेगळं असलेलं टोक तसंच ठेवा. पुन्हा हेच.

कॅल्क्युलेटरवर समीकरण x²(x − 3) + 1.2 असं लिहून घ्या. दाबायची बटणं कमी होतात, आणि घन वेगळा काढावा लागत नाही.

पहिली पायरी: ० ते २ चा मध्य १. किंमत १ × (−२) + १.२ = −०.८. ऋण आहे. २ ला सुद्धा ऋण होती, म्हणून २ गेलं. उरलं ० ते १.

दुसरी: मध्य ०.५. किंमत ०.२५ × (−२.५) + १.२ = ०.५७५. धन आहे, ० लाही धन होती, म्हणून ० गेलं. उरलं ०.५ ते १.

तिसरी: मध्य ०.७५. किंमत −०.०६६. ऋण, म्हणून १ गेलं. उरलं ०.५ ते ०.७५.

इथे क्षणभर थांबून अर्थ लावा. तीन पायऱ्यांत आपल्याला एवढं पक्कं कळलं की बोया ५ ते ७.५ सेंटीमीटरच्या मध्ये कुठेतरी बुडतो. हा अंदाज नाही, ही हमी आहे. द्विभाजनाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच: कुठल्याही पायरीला थांबलात तरी हातात दोन आकडे असतात आणि मूळ त्यांच्या मध्येच असतं. न्यूटन-रॅफसन पद्धत बहुतेक वेळा कितीतरी जलद जाते, पण मधल्या पायरीला अशी दोन्ही बाजूंनी बांधलेली हमी देत नाही.

पुढच्या पायऱ्या तक्त्यात:

| पायरी | मध्यबिंदू | तिथली किंमत | उरलेलं अंतराल | रुंदी (मिमी) |
|---|---|---|---|---|
| ४ | ०.६२५ | +०.२७२३ | ०.६२५ ते ०.७५ | १२.५ |
| ५ | ०.६८७५ | +०.१०७० | ०.६८७५ ते ०.७५ | ६.२५ |
| ६ | ०.७१८७५ | +०.०२१५ | ०.७१८७५ ते ०.७५ | ३.१३ |
| ७ | ०.७३४३७५ | −०.०२१९ | ०.७१८७५ ते ०.७३४३७५ | १.५६ |
| ८ | ०.७२६५६२५ | −०.०००१३ | ०.७१८७५ ते ०.७२६५६२५ | ०.७८ |
| ९ | ०.७२२६५६२५ | +०.०१०७ | ०.७२२६५६२५ ते ०.७२६५६२५ | ०.३९ |
| १० | ०.७२४६०९३७५ | +०.००५३ | ०.७२४६०९३७५ ते ०.७२६५६२५ | ०.२० |
| ११ | ०.७२५५८५९३७५ | +०.००२६ | ०.७२५५८५९३७५ ते ०.७२६५६२५ | ०.१० |

शेवटचा रकाना पाहा. रुंदी प्रत्येक वेळी बरोबर निम्मी होते, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. किमतीचा रकाना मात्र असा शिस्तीत चालत नाही. आठव्या पायरीला किंमत −०.०००१३, जवळजवळ शून्य, आणि नवव्याला ती पुन्हा ०.०१०७ वर उडी मारते. हे चुकलेलं नाही. आठवा मध्यबिंदू योगायोगाने मुळाच्या अगदी शेजारी पडला, तर नववा त्यापासून दूर अंतरालाच्या मधोमध पडला. मूळ अंतरालाच्या उजव्या टोकाला चिकटून असल्यामुळेच नवव्या पायरीपासून उजवं टोक हलत नाही, फक्त डावं पुढे सरकतं.

या आठव्या पायरीवर हाताने आकडेमोड करणारे बरेचदा फसतात. मध्यबिंदू ०.७२६५६२५ एवढा लांबलचक आहे, म्हणून कोणी कॅल्क्युलेटरवर ०.७२६ एवढंच टाकतं. ०.७२६ ला किंमत +०.००१४ येते, म्हणजे चिन्हच उलटं! आता टोक म्हणून ०.७२६ लिहिलं, तर काही बिघडत नाही, कारण ०.७२६ ला किंमत खरोखरच धन आहे आणि मूळ त्याच्या उजवीकडेच आहे. पण तपासलं ०.७२६ आणि लिहिलं ०.७२६६, तर नवं अंतराल ०.७२६६ ते ०.७३४४ होतं आणि मूळ त्याच्या बाहेर राहतं. त्यानंतर कितीही वेळा अर्धं केलं तरी ते परत आत येणार नाही.

म्हणून ज्या आकड्याचं चिन्ह तपासलं, तोच आकडा अंतरालात लिहायचा. मध्यबिंदू थोडा पूर्णांकित केला तरी चालतो. तपासणं एका आकड्याचं आणि लिहिणं दुसऱ्याचं, हे चालत नाही. आणि अशी चूक झाली आहे का हे ओळखायला शेवटच्या अंतरालाच्या दोन्ही टोकांच्या किमती एकदा नव्याने काढा. चिन्हं वेगळी असली तर ठीक. दोन्ही सारखी आली, तर मागे कुठेतरी मूळ हातातून निसटलं आहे, आणि दोन्ही टोकं शेवटची कुठे वेगळ्या चिन्हाची होती तिथपर्यंत परत जायचं.

## थांबायचं कधी

तक्ता असाच कितीही लांबवता येईल. थांबायचं कसं ठरवायचं हे मात्र सुरू करण्याआधीच ठरवायला हवं, आणि इथे तीन वेगवेगळे निकष आहेत जे लोक एकमेकांत मिसळतात.

पहिला आणि सर्वांत भरवशाचा निकष अंतरालाच्या रुंदीचा. उत्तर किती जवळचं हवं ते आधी ठरवा. समजा चूक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उत्तर म्हणून अंतरालाचा मध्य सांगितला, तर चूक फार तर रुंदीच्या निम्मी असते. म्हणजे रुंदी एक मिलिमीटरच्या, आपल्या एककात ०.०१ च्या आत हवी. सुरुवातीची रुंदी २, आणि n पायऱ्यांनंतर ती 2/2ⁿ. ती ०.०१ हून कमी व्हायला 2ⁿ किमान २०० हवा. सातव्या घाताला १२८, आठव्याला २५६. म्हणून आठ पायऱ्या. एकही आकडेमोड न करता हे आधीच सांगता येतं, आणि समीकरण कुठलंही असलं तरी ही संख्या बदलत नाही. मनात ठेवायला सोपं असं की दहा पायऱ्यांत रुंदी १०२४ पटीने कमी होते, म्हणजे सुमारे तीन दशांश स्थळं वाढतात.

आठ पायऱ्यांनंतर अंतराल ७१.९ ते ७२.७ मिलिमीटर. मध्य ७२.३. उत्तर: बोया ७२.३ मिलिमीटर बुडतो, चूक ०.४ मिलिमीटरच्या आत.

दुसरा निकष: किंमत शून्याच्या पुरेशी जवळ आली की थांबा. हा लोभसवाणा आहे आणि आपल्या उदाहरणात तो चालूनही जातो. आठव्या पायरीला किंमत −०.०००१३ बघून थांबून ०.७२६५६ सांगितलं असतं, तर ते खऱ्या मुळाच्या, ०.७२६५१ च्या, अगदी शेजारचं ठरलं असतं. पण त्यामागचं कारण आलेखाचा उतार. मुळापाशी आलेख बराच तिरका आहे, उतार सुमारे २.८. किमतीला उताराने भागलं की मुळापासूनचं अंतर साधारण कळतं, म्हणून इथे ०.०४ ची किंमत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरची चूक.

आता तोच बोया इतका जड करा की त्याचं वजन पाण्याच्या ९९ टक्के होईल. समीकरण x³ − 3x² + 3.96 = 0. x = २ ला किंमत −०.०४. शून्याजवळच आहे असं वाटतं. पण मूळ आहे १.८८ ला, म्हणजे जवळजवळ १२ मिलिमीटर दूर! कारण २ च्या जवळ आलेख सपाट होतो. बोयाच्या वरच्या टोकाशी गोल इतका आकुंचलेला असतो की शेवटचा सेंटीमीटरभर भाग बुडला तरी घनफळात फारसा फरक पडत नाही. किमतीवरून थांबायचं असेल, तर आलेख मुळापाशी किती तिरका आहे ते आधी बघावं लागतं. ते बघायचं नसेल, तर रुंदीचाच निकष घ्या.

हेच टोकाला नेलं की पद्धत पूर्ण अडते. बोयाचं वजन बरोबर पाण्याएवढं केलं, तर समीकरण x³ − 3x² + 4 = 0, म्हणजे (x − 2)²(x + 1) = 0. २ हे मूळ आहे, पण आलेख तिथे रेषेला फक्त स्पर्श करून परत वर जातो. चिन्ह बदलतच नाही, त्यामुळे २ च्या दोन्ही बाजूंना आकडे घेतले तरी द्विभाजन सुरू होऊ शकत नाही.

तिसरा निकष परीक्षेत विचारला जातो: अमुक इतक्या दशांश स्थळांपर्यंत अचूक उत्तर द्या. इथे आपल्या उदाहरणात एक गंमतशीर अडचण आहे. आठव्या पायरीचं अंतराल ७१.९ ते ७२.७. जवळच्या पूर्ण मिलिमीटरमध्ये उत्तर काय, ७२ की ७३? मध्य ७२.३ आहे म्हणून ७२ म्हणाल, तर चूक. डावं टोक पूर्णांकात ७२ होतं, उजवं ७३. म्हणजे अजून ठरलेलंच नाही. नववं अंतराल ७२.२७ ते ७२.६६, अजूनही ७२.५ मध्येच आहे. दहावं ७२.४६ ते ७२.६६, अजूनही. अकराव्याला ७२.५६ ते ७२.६६, आणि आता दोन्ही टोकं पूर्णांकित केली की ७३. खरं मूळ ७२.६५ आहे, म्हणून ७३ बरोबर.

"चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत" आणि "पूर्ण मिलिमीटरपर्यंत बरोबर" या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीला आठ पायऱ्या पुरल्या, दुसरीला अकरा लागल्या. दुसरीसाठी आधी पायऱ्या मोजून सांगता येत नाहीत, कारण मूळ कुठल्या पूर्णांकाच्या सीमेला किती चिकटून आहे ते आधी माहीत नसतं. परीक्षेत दशांश स्थळं मागितली असतील, तर दोन्ही टोकं तेवढ्या स्थळांपर्यंत पूर्णांकित करून एकच आकडा येतो का ते बघा. एकच आला की थांबा.

पण उत्तर खऱ्या बोयाला लावायचं असेल, तर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. १.२ हा आकडा स्वतः किती पक्का आहे? ३० टक्के वजन मोजताना एका टक्क्याचा फरक पडला, तर १.२ चं १.१६ किंवा १.२४ होतं आणि बोयाची खोली सुमारे १.४ मिलिमीटरने सरकते. पाण्याचंही तसंच. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला साधारण १०२५ किलो, गोड्या पाण्याची १०००. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे भर पावसात पाणी गोडं होत जातं. पूर्ण गोड्या पाण्यात तोच बोया सुमारे एक मिलिमीटर जास्त बुडेल. तेव्हा समीकरणात घातलेली माहितीच मिलिमीटरभर डळमळीत असताना अकरावी पायरी करून मिळालेला दहावा हिस्सा मिलिमीटर बोयाबद्दल काहीही सांगत नाही. बोयासाठी आठ पायऱ्या पुरे, किंबहुना सातही चालतील. वहीत मात्र प्रश्नाने जी अचूकता मागितली असेल तीच द्यायची.

## संगणकावर करायचं असेल तर

हाताने चार-पाच पायऱ्या केल्याशिवाय इकडे वळू नका, म्हणजे चूक झाली तर ओळखता येते. पायथनमध्ये एवढंच पुरतं:

```python
def f(x):
    return x*x*(x - 3) + 1.2

a, b = 0.0, 2.0
assert f(a)*f(b) < 0
while (b - a)/2 > 0.005:
    m = (a + b)/2
    if f(a)*f(m) <= 0:
        b = m
    else:
        a = m
print(a, b, (a + b)/2)
```

`assert` ची ओळ काढू नका. फोटो चुकीचा वाचून `1.2` च्या जागी `12` टाकलं, तर प्रोग्राम तिथेच थांबतो. ती ओळ नसती, तर त्याने शांतपणे एक निरर्थक आकडा छापला असता. बरोबर समीकरणाला हा प्रोग्राम आठ फेऱ्या करून 0.71875, 0.7265625 आणि 0.72265625 छापतो, म्हणजे तक्त्यातल्या आठव्या पायरीचं अंतराल आणि त्याचा मध्य. तिन्ही आकडे छापायला लावले आहेत ते मुद्दाम. नुसता मध्य छापला, तर चूक किती असू शकते ते वाचणाऱ्याला कळत नाही.

`0.005` च्या जागी अतिशय लहान आकडा, उदाहरणार्थ `1e-20`, घालू नका. संगणक अशा संख्या साधारण सोळा अर्थपूर्ण अंकांपर्यंतच साठवतो. पन्नासहून थोड्या जास्त पायऱ्यांनंतर `a` आणि `b` शेजारशेजारच्या साठवता येण्याजोग्या संख्या होतात, त्यांचा मध्य पूर्णांकित होऊन पुन्हा त्यांच्यापैकीच एक येतो, आणि अंतराल आक्रसायचं थांबतं. रुंदी `1e-20` च्या खाली कधीच जात नाही आणि लूप संपत नाही. स्क्रीन गोठल्यासारखी दिसली, तर आधी ही ओळ तपासा. एवढी अचूकता कशालाच लागत नाही, पण ती हवीच असेल तर फेऱ्यांची कमाल संख्या, समजा साठ, वेगळी घालून ठेवा.